इच्छाच उरलेली नसताना दिनक्रमाचा तक्ता पाळायचा तो कशाच्या जोरावर?

कोरा_रकाना

नमस्कार. मी 41 वर्षांचा असून नाशिकला राहतो. एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करतो आणि गेले पाच आठवडे आजारपणाच्या रजेवर आहे. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. झोप सुधारली आणि रडू येणे थांबले, पण काहीही करावेसे वाटत नाही हे मात्र जिथल्या तिथेच आहे. डॉक्टरांनी मला ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले त्या 'बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन' पद्धतीने उपचार करतात. त्यांनी तासातासाचे रकाने आखलेला एक तक्ता दिला आणि सांगितले की पहिला आठवडा फक्त नोंद करायची, प्रत्येक तासासमोर काय केले ते लिहायचे आणि मन कसे होते याला 0 ते 10 मध्ये गुण द्यायचे. पुढच्या आठवड्यापासून त्याच रकान्यांत कामे नेमून घ्यायची आणि ती ठरल्या वेळी करायची.

माझी अडचण अगदी साधी आहे. कामे करण्याची इच्छा असती तर मी आजारी कशाला पडलो असतो? विहीर आटली म्हणून मी यांच्याकडे आलो आणि या म्हणतात, आधी पोहरा सोडा. ही पद्धत नेमकी कशी चालते, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?

पहाटवारा

सर, मीही अशाच अवस्थेतून गेलो आहे. कामाची टाळाटाळ हा सवयीचा भाग असतो. रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या दहा कामांची यादी करावी, पहाटे पाचला उठावे आणि सर्वांत अवघड काम सर्वप्रथम हातावेगळे करावे. मी एकवीस दिवस हे नेटाने केले आणि माझी कार्यक्षमता दुप्पट झाली.

श्रीधर_काका

पहाटवारा, त्यांचा प्रश्न कार्यक्षमतेचा नाही, आजाराचा आहे. कोरा_रकाना, माझ्या थोरल्या बंधूंना निवृत्तीनंतर असाच त्रास झाला होता, म्हणून अनुभवाने सांगतो. रिकामे मन हेच या दुखण्याचे मूळ आहे. दिवसभर स्वतःला कशात ना कशात गुंतवून ठेवा, म्हणजे विचार करायला वेळच मिळणार नाही. पूर्वी आवडत असलेला एखादा छंद पुन्हा सुरू करा. हळूहळू गोडी लागते.

मानसी_कोल्हापूर

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि गेली बारा वर्षे ही पद्धत वापरते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कोरा_रकाना, तुमच्यावर उपचार करणाऱ्या बाईंना तुमचा सगळा तपशील ठाऊक आहे, त्यामुळे माझे लिहिणे त्यांच्या सांगण्यावर कुरघोडी करण्यासाठी नाही.

पोहऱ्याची उपमा चांगली आहे, पण विहीर नेमकी कशाने आटली ते पाहू. माणूस खचतो तेव्हा तो एकेक गोष्ट सोडत जातो. आधी सकाळचे फिरणे सुटते, मग मित्रांकडे जाणे, मग जेवणाच्या टेबलावर सगळ्यांबरोबर बसणे. या प्रत्येक गोष्टीतून थोडेसे काहीतरी मिळत असते: दोन शब्द, थोडे ऊन, एखादे काम पुरे झाल्याचे समाधान. सोडल्यावर ते मिळणे बंद होते, आणि जिथून काही मिळत नाही तिकडे पाऊल वळत नाही. लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात नैराश्याची मांडणी याच अंगाने केली होती. त्याच सुमारास, 1973 साली, फर्स्टरने दुसरी बाजू दाखवली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. टाळल्याने लगेच सुटका वाटते. फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही, तो बंद होतो आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटते. ही जी क्षणभराची सुटका आहे, तीच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. म्हणजे अंथरुणात पडून राहणारा माणूस 'काहीच करत नाही' असे नसते. तो एक काम करत असतो आणि त्याचा मोबदला त्याला तत्काळ मिळत असतो.

इच्छा आधी आणि कृती नंतर, हा क्रम निरोगी दिवसांतही आपण समजतो तितका पक्का नसतो, पण तेव्हा त्याने काही अडत नाही. आजारात अडते. म्हणून तक्त्यात कृतीला मनाऐवजी घड्याळाशी बांधतात. 'बरे वाटले तर गच्चीवर जाईन' असे न लिहिता 'सव्वाआठला गच्चीवर जाईन, मन कसेही असले तरी' असे लिहितात. त्या वेळी इच्छा असावी अशी अपेक्षाच नसते. अपेक्षा इतकीच असते की काम असे निवडलेले असावे, जे इच्छा शून्य असतानाही हातून होईल. तसे निवडणे हेच यातले खरे कौशल्य आहे, आणि त्यासाठी पहिल्या आठवड्याची नोंद लागते.

श्रीधरकाका, तुमचे निम्मे बरोबर आहे. हालचाल हवी. पण 'कशात ना कशात गुंतून राहणे' म्हणजे ही पद्धत नव्हे. एक गृहस्थ दिवसभर मोबाइलवर पत्ते खेळत गुंतलेले असत आणि संध्याकाळी आणखी खचलेले असत. तेच पत्ते शेजाऱ्यांबरोबर बसून खेळले तर त्यांचे गुण दोनाने वाढत. कृती वरून सारखी दिसली, तरी ती माणसाला कशाकडे नेते आणि कशापासून पळवते, हे पाहावे लागते. पूर्वीच्या छंदाचेही जपून करावे. आजारात त्यात पूर्वीची गोडी लागत नाही आणि 'आता यातही राम उरला नाही' असा नवा पुरावा मनाला मिळतो.

पहाटे पाच आणि दहा कामांची यादी मात्र या अवस्थेत कोणी करू नये. दहापैकी नऊ कामे राहतील आणि ती नऊ रात्रभर छळतील.

कोरा_रकाना

मानसीताई, आभार. पडून राहण्याचाही मोबदला मिळतो, हे वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो. माझी नोंद चार दिवसांची झाली आहे. मंगळवारची देतो, इतर दिवसही जवळपास असेच आहेत.

7 ते 11: जाग आली होती, अंथरुणात, फोन. गुण 2. अकराच्या सुमारास 1.
11 ते 12: आंघोळ. 2.
12 ते 1: दूधवाला आला नव्हता, आईने डेअरीतून पिशवी आणायला पाठवले. 4.
1 ते 2: जेवण, माझ्या खोलीत. 3.
2 ते 6: पडून, विचार. 1 किंवा 2.
6 ते 8: मुलगी शाळेचे काहीतरी चिकटवत होती, तिला कात्रीने कागद कापून दिले. 4.
8 नंतर: टीव्ही समोर सुरू होता. 3.

सगळे दिवस सारखेच वाईट आहेत, हे उघड आहे.

मानसी_कोल्हापूर

सारखे नाहीत, पुन्हा वाचा. दूध आणताना 4 आणि त्याच दिवशी अकराला 1. रात्री आठवून लिहिले असते, तर तुम्ही सगळीकडे 2 भरले असते, कारण नैराश्यातली आठवण दिवसाला एकाच रंगाने सारवून टाकते. म्हणूनच गुण त्या त्या वेळी किंवा निदान दोन-तीन तासांनी लिहायला सांगतात.

यातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे जाग आल्यापासून फोन घेऊन पडून राहिल्याने आराम मिळत नाही, गुण उतरत जातात. दुसरी म्हणजे गुण चढले त्या दोन्ही वेळी काम छोटे होते, हाताचे होते, ते दुसऱ्या कोणासाठी होते आणि ते संपल्याचे डोळ्यांना दिसत होते. तिसरी गोष्ट, दोन्ही वेळी तुम्हाला इच्छा झालेली नव्हती. आईने पाठवले, मुलीने कात्री पुढे केली.

तेव्हा पुढचा आठवडा मी तरी असा आखला असता. जाग येण्याच्या वेळेत काही बदलायचे नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, म्हणजे सकाळी हाताशी नसेल. साडेसातला उठून डेअरीतून दूध आणायचे, आणि दूधवाल्याला महिनाभर बंद ठेवायला सांगायचे, म्हणजे आणले नाही तर घरात चहा होणार नाही. चप्पल, पिशवी आणि सुटे पैसे रात्रीच दाराशी ठेवायचे. दुपारी तीनला दहा मिनिटांचे एकच हातकाम, समजा कोथिंबीर निवडणे. एवढ्या दोनच नोंदी. बाकी रकाने जसे भरतील तसे भरू द्यावेत.

आणखी एक रकाना जोडा. काम करण्यापूर्वी 'यातून मला किती बरे वाटेल' याचा अंदाज 0 ते 10 मध्ये लिहा आणि झाल्यावर प्रत्यक्ष गुण लिहा. इतरांच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही तेव्हा स्वतःच्या हाताने लिहिलेले हे दोन आकडे कामी येतात.

सोलापूरची_लेक

मी मध्येच माझे लिहिते, रागावू नका. मला दोन वर्षांपूर्वी हेच निदान झाले होते आणि मलाही असाच तक्ता मिळाला. माझा तक्ता पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत आधीच भरलेला होता: डबे, सासूबाईंचे पथ्य, दोन मुले, शिवणाची ऑर्डर. एकही रकाना रिकामा नव्हता आणि गुण सगळीकडे 2 होते. समुपदेशक मुलगी नवीन होती, ती म्हणाली की तुम्ही तर खूप सक्रिय आहात. मी घरी येऊन रडले. ज्या बाईचा दिवस कामानेच भरलेला आहे, तिच्यासाठी ही पद्धत नाही, असे माझे मत झाले आहे. बरोबर आहे का?

मानसी_कोल्हापूर

ताई, रागावण्यासारखे काहीच नाही, उलट हा मुद्दा यायलाच हवा होता. तुमचा तक्ता बरोबर होता, तो वाचण्यात चूक झाली. कामाच्या पुढे दोन वेगळे गुण लिहायचे असतात: किती आनंद वाटला आणि आपल्याकडून काही साधल्यासारखे किती वाटले. तुमच्या बाबतीत दोन्ही रकाने दिवसभर रिते राहिले असणार, कारण ती कामे केल्याची कोणी दखल घेत नाही आणि न केल्यास बोल मात्र लागतो. बोल लागू नये म्हणून केलेले काम माणसाला भरून काढत नाही. अशा वेळी तक्त्यात काम वाढवायचे नसते, काहीतरी काढायचे असते. ते काढण्यासाठी घरात एक वाक्य बोलावे लागते आणि ते बोलणे हीच त्या आठवड्याची नेमलेली कृती असते. ते सोपे आहे असे मी म्हणणार नाही. काही घरांत ते जमतच नाही, आणि तिथे ही पद्धत तोकडी पडते हे मी पाहिले आहे.

शंकेखोर

माझे दोन प्रश्न आहेत. एक, मनात विचार तसेच राहिले आणि वरवर दूध-कोथिंबीर केली, तर ही मलमपट्टी नाही का? दोन, ज्याची नोकरी गेली आहे, डोक्यावर कर्ज आहे, त्याला कुंडीला पाणी घालायला सांगणे ही थट्टा नाही का?

मानसी_कोल्हापूर

पहिला प्रश्न संशोधकांनाही पडला होता. 1996मध्ये जेकब्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दीडशे रुग्णांची तीन गटांत विभागणी केली. एका गटाला विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचारपद्धतीने हाताळले, आणि एका गटाला त्याच पद्धतीतला फक्त कृतीचा भाग दिला. कृतीचा भाग मागे पडेल असा अनेकांचा कयास होता, पण तो मागे पडला नाही. विचारांकडे यात दुर्लक्ष होते असेही नाही. कोरा_रकाना यांनी दुपारी 2 ते 6 समोर 'पडून, विचार' असे लिहिले आहे. आम्ही त्या विचारांतले खरे-खोटे करत बसत नाही, तेच तेच घोळवणे ही एक कृती मानतो आणि विचारतो, या चार तासांनंतर एखादा प्रश्न सुटला का, पुढचे पाऊल ठरले का, मन हलके झाले का? तिन्हींची उत्तरे नाही असतील, तर त्या वेळेत हात दुसरीकडे वळवायचे.

दुसऱ्या प्रश्नासाठी गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीवर बेतलेला कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष 2017मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण त्यात होते. समुपदेशक मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती, आणि बैठका साधारण सहा ते आठ. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोकांचे नैराश्याच्या प्रश्नावलीतले गुण आजाराच्या रेषेखाली आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. या कार्यक्रमात समस्या सोडवण्याचाही भाग होता. कर्ज असेल तर बँकेत कागद घेऊन जाणे हीच कृती नेमायची, कुंडी नव्हे.

शंकेखोर

म्हणजे शंभरात 36 लोक राहिलेच की. आणि बँकेने दारातून परत पाठवले, तर तुमच्या तक्त्यात त्या तासाला किती गुण?

मानसी_कोल्हापूर

36 राहिले, हे खरे आहे. बँकेच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. परिस्थितीच काही देत नसेल, तर कृतीला फळ कुठून येणार, हा या पद्धतीवरचा रास्त आक्षेप आहे.

कोरा_रकाना

सोळा दिवसांनी लिहितो आहे. बाईंना इथली चर्चा दाखवली, त्यांनी दूध ठेवले आणि कोथिंबिरीऐवजी मुलीच्या वह्यांना कव्हरे घालायला दिली, कारण कोथिंबीर आईला तिच्या पद्धतीनेच निवडलेली लागते.

दूध सोळापैकी बारा दिवस आणले. अंदाज बहुतेक दिवशी 1 लिहिला, प्रत्यक्ष गुण 3 किंवा 4 आले. पाचव्या दिवशी अंदाज 0 होता आणि परत आल्यावर 2 मिळाले. जिना उतरताना पाय अक्षरशः ओढत होतो, ते बाराव्या दिवशीही तसेच होते. मला वाटले होते की आठवडाभराने इच्छा होऊ लागेल. तशी ती झाली नाही. फरक इतकाच पडला की इच्छा आहे की नाही, हे मी दारात उभा राहून तपासत बसत नाही.

दोन गोष्टी मात्र पूर्ण फसल्या. 'रोज अर्धा तास वाचन' एकाही दिवशी झाले नाही. आणि कार्यालयातल्या मित्राला फोन करायचा होता, तो सलग तीन वेळा तक्त्यात लिहिला आणि तिन्ही वेळा त्याच वेळी मला गाढ झोप लागली.

श्रीधर_काका

फोनचे मनावर घेऊ नका. मित्र समजून घेईल. सावकाश करा.

मानसी_कोल्हापूर

काका, इथे मी थोडे वेगळे सांगेन. एकदा राहिले तर राहिले, पण तीनदा राहिलेले काम काहीतरी सांगत असते. वाचन राहिले याचे कारण बहुधा आकार. नैराश्यात लक्ष टिकत नाही, अर्धा तास हे निरोगी माणसाचे माप झाले. दिवाळी अंकातले एक पान, तेही मोठ्याने मुलीला वाचून दाखवायचे, इतके कमी करून पाहा. फोनचे तसे नाही. फोन पाच मिनिटांचाच आहे, म्हणजे आकार अडत नाही. कोरा_रकाना, झोप लागण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत मनात कोणते वाक्य होते?

कोरा_रकाना

"कधी जॉइन होतोस?" तो हेच विचारणार.

मानसी_कोल्हापूर

मग काम फोनचे नाही, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते ठरवण्याचे आहे. एक वाक्य कागदावर लिहून काढा आणि ते बाईंना वाचून दाखवा. मग फोनऐवजी तेच वाक्य मेसेजने पाठवा, म्हणजे प्रश्न येण्यापूर्वी उत्तर गेलेले असेल. वेळही बदला. दुपारी दोन नंतर तुमचे गुण सर्वांत खाली असतात, दूध आणल्यावर ते 4 असतात. तेव्हा पाठवा.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. ज्यांना पूर्वी कधी उत्साहाचा झटका येऊन झोपेची गरजच संपली होती, पैसा उधळला गेला होता, त्यांनी हा तक्ता आपल्या मनाने सुरू करू नये. त्यांच्या आजाराचे नाव वेगळे असू शकते आणि तिथे कामे वाढवणे अंगाशी येते. आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर तक्ता बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सोलापूरची_लेक

मीही एक सांगते. तुमचे उत्तर वाचून जुना तक्ता काढला आणि आनंदाचा वेगळा रकाना आखला. शुक्रवारी दुपारी शेजारणीकडे मशीनला तेल घालायला गेले होते, तिथे 5 आले. पुढच्या शुक्रवारसाठी 'चार ते साडेचार, शेजारीण' असे लिहिले होते, पण पावणेचारला सासूबाईंनी चहा मागितला आणि मग राहूनच गेले.

कोरा_रकाना

ताई, माझ्या बाईंनी मला एक युक्ती दिली आहे. नेमलेले काम हुकले, तर ते त्याच दिवशी रेटायचे नाही, फक्त रकान्यात त्या वेळी जे घडले ते लिहायचे आणि दुसरा दिवस व वेळ लगेच टाकायची. तुम्ही 'चहा केला' असे लिहा आणि शनिवार टाका. मी आज सकाळी पावणेआठला मेसेज पाठवला: "अजून महिनाभर तरी रजेवर आहे, तारीख ठरली की मीच कळवीन." अंदाज 0 होता. त्याने अंगठ्याची खूण पाठवली आणि खाली लिहिले की टेबलावरची माझी कुंडी वाळत चालली आहे, घरी आणून देऊ का? प्रत्यक्ष गुणांचा रकाना अजून रिकामा आहे. त्याला 'रविवारी ये' असे लिहायचे की नाही, ते ठरलेले नाही.